सिम्प्लेक्सची प्रदक्षिणा आणि लहान क्रमांकाचा नियम

कच्चा माल, यंत्राचे तास आणि मनुष्यबळ मर्यादित असताना जास्तीत जास्त नफा कसा मिळवायचा, अशा प्रश्नांना गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. ते सोडवण्यासाठी जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली सिम्प्लेक्स पद्धत मांडली. सगळ्या मर्यादा पाळणाऱ्या बिंदूंची मिळून अनेक पैलूंची एक आकृती तयार होते. सिम्प्लेक्स पद्धत तिच्या एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर जात नफा वाढवत नेते.

प्रत्येक कोपऱ्याचे वर्णन चलांच्या एका संचाने होते. या संचाला आधार म्हणतात. आधाराबाहेरचे सगळे चल शून्य धरले की आधारातल्या चलांच्या किमती मिळतात. दर पायरीला बाहेरचा एक चल आधारात येतो आणि आतला एक बाहेर पडतो. नफा दर वेळी वाढत असेल, तर एकदा सोडलेला आधार पुन्हा येऊ शकत नाही, आणि आधारांची संख्या मर्यादित असल्याने पद्धत कधीतरी थांबतेच. पायरी होऊनही नफा जागचा हलला नाही, तर मात्र हा युक्तिवाद टिकत नाही.

असे केव्हा होते, ते खोलीच्या उदाहरणावरून समजते. खोलीचा कोपरा दोन भिंती आणि छत अशा तीन प्रतलांनी ठरतो. त्याच बिंदूतून चौथे प्रतल गेले, तर चारांपैकी निरनिराळी तीन प्रतले निवडून त्याच कोपऱ्याचे वर्णन करता येते. अशा कोपऱ्याला डिजनरेट म्हणतात. तिथे आधारातल्या एखाद्या चलाची किंमत शून्य असते. पायरी होते, आधार बदलतो, पण बिंदू तोच राहतो. असे वर्णनामागून वर्णन बदलत पहिलेच वर्णन पुन्हा आले, तर ठरलेल्या नियमाने चालणारी पद्धत तीच वाट पुन्हा धरते आणि कायम फिरत राहते. ई. एम. एल. बील यांनी १९५५ साली अशा चक्राचे उदाहरण प्रसिद्ध केले. पुढचे उदाहरण व्हाक्लाव ख्वाताल यांच्या १९८३ च्या पाठ्यपुस्तकातले असून ते कागदावर करून पाहण्याजोगे आहे.

```
max 10x1 - 57x2 - 9x3 - 24x4
0.5x1 - 5.5x2 - 2.5x3 + 9x4 <= 0
0.5x1 - 1.5x2 - 0.5x3 +  x4 <= 0
x1 <= 1
x1, x2, x3, x4 >= 0
```

तीन मर्यादांमधली शिल्लक दाखवायला x5, x6 आणि x7 हे चल घेतले, की सुरुवातीचा आधार मिळतो. त्यात x5 आणि x6 शून्य आहेत आणि x7 ची किंमत १ आहे. म्हणजे आरंभीचा कोपराच डिजनरेट आहे.

रूढ नियमानुसार, नफ्याच्या समीकरणात ज्याचा सहगुणक सर्वांत मोठा, तो चल आत येतो. त्याची किंमत वाढू लागली की आधारातल्या काही चलांच्या किमती घटतात. त्यांतला जो सर्वांत आधी शून्यावर पोहोचतो, तो बाहेर जातो. दोन चल एकदमच शून्यावर पोहोचले, तर येथे लहान क्रमांकाचा चल बाहेर काढायचा असे ठरवले आहे. पहिल्या पायरीत x1 चा सहगुणक १० असल्याने तो आत येतो. x5 आणि x6 दोघेही आधीच शून्यावर आहेत, म्हणून x5 बाहेर जातो. याप्रमाणे सहा पायऱ्या केल्या की आधार असे बदलतात.

```
0: x5 x6 x7
1: x1 x6 x7
2: x1 x2 x7
3: x3 x2 x7
4: x3 x4 x7
5: x5 x4 x7
6: x5 x6 x7
```

सहाव्या पायरीनंतर पहिलाच आधार परत आला. या सगळ्या काळात नफा शून्यच होता आणि बिंदूही तोच होता. या उदाहरणातून एक मोलाची गोष्ट कळते. बाहेर जाणाऱ्यांमधली बरोबरी इथे लहान क्रमांकानेच सोडवली होती, तरी चक्र टळले नाही. आत कोण येतो, तिथेही तोच नियम लागतो.

अमेरिकी गणितज्ञ रॉबर्ट ब्लँड यांनी १९७७ साली हा दुहेरी नियम मांडला. ज्यांचे सहगुणक धन आहेत, त्यांतला सर्वांत लहान क्रमांकाचा चल आत घ्यायचा, मग सहगुणक कितीही लहान असो. बाहेर जाण्यासाठी बरोबरी झाली, तर तिथेही सर्वांत लहान क्रमांकाचा चल काढायचा. वरच्या उदाहरणात पहिल्या पाच पायऱ्या दोन्ही नियमांनी सारख्याच पडतात. पाचव्या पायरीनंतर नफ्याचे समीकरण असे दिसते.

```
z = 22x1 - 93x2 - 21x3 + 24x6
```

रूढ नियम २४ हा मोठा सहगुणक पाहून x6 निवडतो आणि चक्र पूर्ण करतो. ब्लँडचा नियम x1 निवडतो. मग x4 बाहेर जातो आणि नफ्याच्या समीकरणात फक्त x3 चा सहगुणक धन उरतो, तोही अवघा १. सातव्या पायरीत x3 आत येतो, x7 बाहेर जातो आणि बिंदू प्रथमच हलतो. x1 आणि x3 दोघांची किंमत १ होते, नफाही १ होतो आणि नफा वाढवणारा एकही चल उरत नाही. उत्तर मिळाले.

हा नियम चक्र कायमचे कसे रोखतो? समजा, हा नियम पाळूनही चक्र झाले. चक्रात काही चल आत-बाहेर करत राहतात. त्या सर्वांची किंमत सतत शून्य असते, कारण बिंदू हलतच नाही. त्यांतला सर्वांत मोठा क्रमांक t समजू. ज्या वेळी t आत येतो, त्या वेळी ये-जा करणाऱ्या बाकी कोणाचाही सहगुणक धन नसतो, नाहीतर t च्या आधी त्याची निवड झाली असती. या वेळच्या समीकरणाला पहिला हिशेब म्हणू.

आता t बाहेर जातो आणि s आत येतो, ती पायरी घेऊ. मर्यादा क्षणभर बाजूला ठेवून s ची किंमत थोडी वाढवली, तर त्या वेळच्या हिशेबाने नफा वाढतो. पहिला हिशेब ही त्याच समीकरणांची दुसरी मांडणी आहे, म्हणून त्यातही तेवढीच वाढ दिसली पाहिजे. पण त्यात s मुळे वाढ होत नाही, कारण त्याचा सहगुणक धन नाही. t चा सहगुणक धन आहे, पण त्याची किंमत घटते आहे, म्हणून त्याने तोटाच होतो. तेव्हा वाढ आणणारा तिसरा कोणी चल r असलाच पाहिजे. तो आता आधारात आहे आणि पहिल्या हिशेबाच्या वेळी बाहेर होता, म्हणजे तोही ये-जा करणाऱ्यांपैकीच आहे. त्याचा सहगुणक धन नसल्याने तो ऋणच असणार, आणि वाढ त्याच्यामुळे होत असेल तर त्याची किंमत घटत असणार. शून्यावर असून घटणारा r बाहेर जाण्याच्या बरोबरीत होता आणि त्याचा क्रमांक t पेक्षा लहान होता. म्हणजे नियमाने r ला काढायला हवे होते, t ला नव्हे. हा विरोध आला, म्हणून चक्र अशक्य आहे.

नफा बराच वेळ स्थिर राहिला, एवढ्यावरून चक्र झाले असे म्हणता येत नाही. पद्धत नुसती रेंगाळलेलीही असू शकते. तोच आधार पुन्हा आला, तरच ते चक्र. ब्लँडचा नियम पद्धत थांबण्याची हमी देतो, ती लवकर थांबेल याची नाही. छोटे सहगुणकही निवडावे लागत असल्याने त्याला बहुधा जास्त पायऱ्या लागतात. म्हणून एक सोयीचा मार्ग असा, की एरवी मोठ्या सहगुणकाने चालायचे, नफा अडकला की ब्लँडचा नियम लावायचा आणि नफा पुन्हा वाढू लागला की तो सोडायचा. अडकण्याची प्रत्येक वेळ मर्यादित पायऱ्यांतच संपते, त्यामुळे एवढ्यानेही पद्धत थांबण्याची हमी कायम राहते.