चौकशी झाली, पण कशी?

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला काढून टाकले. नोटीस नाही, खुलासा मागवला नाही. तिला अटकही झाली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन तर दिलाच, शिवाय महाविद्यालयाच्या आदेशालाही स्थगिती दिली. तिचे म्हणणे ऐकूनच घेतले नव्हते, एवढे कारण त्याला पुरेसे होते. तिची परीक्षेची वाट मोकळी झाली.

इतकी उघड चूक महाविद्यालये सहसा करत नाहीत. नोटीस दिली जाते, समिती बसते, अहवाल होतो आणि मग प्राचार्यांच्या सहीचा आदेश हातात पडतो. कागदावर सगळे जागच्या जागी असते. अशा वेळी विद्यार्थ्याने द्यायचे निवेदन हे अवघड काम आहे, आणि बहुतेक निवेदने एकाच जागी फसतात. त्यांत चौकशीबद्दल काही नसते. घरची परिस्थिती, आईचे आजारपण, वाया जाणारे वर्ष, पुन्हा असे होणार नाही याची हमी, हेच असते. हे सगळे खरे असते आणि वाचणाऱ्याला वाईटही वाटते. पण हा दयेचा अर्ज झाला. तो नामंजूर करायला एक ओळ पुरते.

चौकशीवर बोट ठेवायचे तर आधी कायदा विद्यार्थ्याला किती देतो आणि कुठे थांबतो, हे नीट पाहिले पाहिजे. त्यासाठी रांचीचे एक प्रकरण समजून घ्यायला हवे. जून १९७२ मध्ये राजेंद्र मेडिकल कॉलेजचे काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले. मुलींनी लेखी तक्रार केली. प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब घेतले ते त्या मुलांच्या माघारी. मुलांचे फोटो इतर विद्यार्थ्यांच्या फोटोंत मिसळून मुलींपुढे ठेवले आणि ओळख पटवली. मग मुलांना आरोप लेखी कळवले, त्यांची उत्तरे घेतली आणि दोन शैक्षणिक वर्षांसाठी काढून टाकले. मुले सर्वोच्च न्यायालयात गेली. साक्षीदार आमच्यासमोर तपासले नाहीत, आम्हाला उलटतपासणी करू दिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. या मुलींना त्याच आवारात राहायचे होते. त्यांना आरोपींसमोर उभे केले असते तर एकही बोलायला धजावली नसती. मुलांना आरोप काय आहे ते कळले होते, उत्तर द्यायची संधी मिळाली होती, आणि समितीवर पक्षपाताचा ठपका नव्हता. त्या परिस्थितीत तेवढे पुरेसे होते.

माझ्या मते हा निकाल योग्यच होता, आणि निवेदन लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा. महाविद्यालयाची चौकशी म्हणजे कोर्टातला खटला नव्हे. वकील दिला नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले नाहीत, एवढ्यावरच आदेश पडत नाही. मात्र आरोप नेमका सांगणे, ज्या पुराव्यावर निर्णय घ्यायचा तो कळवणे, उत्तराला पुरेसा वेळ देणे आणि निःपक्ष माणसांनी निर्णय करणे, यात सूट नाही. यातले काही राहिले असेल तर पुढचा प्रश्न येतो: त्यामुळे विद्यार्थ्याचे नुकसान काय झाले? अलीकडे न्यायालये हा प्रश्न हटकून विचारतात. 'मला फुटेज दाखवले नाही' हे अर्धेच वाक्य आहे. दाखवले असते तर मी काय दाखवून दिले असते, हे त्याच्या पुढे आले पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वसतिगृहात राहतो. रात्री एका खोलीत मारामारी होते, एका मुलाच्या डोक्याला टाके पडतात. त्याच रात्री रेक्टर सात-आठ मुलांना ऑफिसात बोलावून प्रत्येकाकडून माफीनामा लिहून घेतात: 'जे घडले त्याबद्दल मी माफी मागतो.' दोन दिवसांनी संध्याकाळी पाच वाजता या मुलाला नोटीस मिळते: 'वसतिगृहातील गैरवर्तनाबाबत उद्या सकाळी अकरा वाजता शिस्तपालन समितीसमोर हजर राहावे.' समितीत तीन जण, त्यांतले एक रेक्टर स्वतः. तक्रारही त्यांनीच केलेली. समिती सांगते, सीसीटीव्हीत तू दिसतोस. फुटेज दाखवले जात नाही. मुलगा दोन मित्रांची नावे घेतो, त्यांना कोणी बोलावत नाही. चार दिवसांनी आदेश येतो: 'समितीच्या अहवालानुसार आपला प्रवेश रद्द करण्यात येत आहे.' अहवाल सोबत जोडलेला नाही.

निवेदनाच्या आधी एक छोटा अर्ज जायला हवा, शक्यतो आदेश मिळाला त्याच दिवशी. त्यात तक्रारीची प्रत, समितीचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब आणि समितीच्या नेमणुकीचे पत्र मागायचे, आणि त्या रात्रीचे फुटेज जपून ठेवा असे स्पष्ट लिहायचे. वसतिगृहातल्या रेकॉर्डरमध्ये जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. काही आठवड्यांत ती रात्र पुसली जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. क्लार्क पोच देत नसेल तर तोच अर्ज ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचा. पुढे फुटेज नाही असे उत्तर आले, तर हा शिक्का मुलाच्या बाजूने बोलतो.

मग निवेदन. पहिल्या पानावर फक्त घटनाक्रम, तारखा आणि वेळांसह, एकही विशेषण न वापरता. नोटीस संध्याकाळी पाचला, सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला, हे नुसते एकाखाली एक लिहिले तरी पुरते. त्यानंतर एकेक मुद्दा, आणि प्रत्येकाच्या शेपटाला नुकसान. नोटिशीत 'गैरवर्तन' एवढाच शब्द होता. मी कोणाला मारले, कशाने, किती वाजता, हे नव्हते, त्यामुळे समितीपुढे मी सगळाच प्रसंग सांगत बसलो, माझ्यावरच्या आरोपाला उत्तर दिलेच नाही. फुटेज दाखवले नाही. कॅमेरा जिन्याच्या तोंडाशी आहे, मी मेसमधून जेवून वर येताना त्यात दिसणारच, पण मारामारीची खोली दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथे कॅमेरा नाही, हे मी दाखवून दिले असते. ज्या दोघांची नावे दिली ते माझ्यासोबत त्याच वेळी मेसमध्ये होते.

रेक्टरांचा मुद्दा वेगळा मांडावा लागतो. ते मुलाचा द्वेष करतात, असे लिहू नये. ते सिद्ध करता येत नाही आणि त्याची गरजही नाही. तक्रार करणारा आणि निर्णय करणारा एकच माणूस होता, हे दोन कागदांवरून दिसते: तक्रारीवर त्यांची सही, अहवालावरही त्यांची सही. पक्षपात झालाच हे दाखवावे लागत नाही. त्याची रास्त शंका येण्याजोगी परिस्थिती होती, हे दाखवले की झाले.

माफीनामा हा या सगळ्यातला सगळ्यात दुखरा भाग. अहवालात बहुधा लिहिलेले असते की विद्यार्थ्याने गुन्हा कबूल केला. घाबरलेल्या मुलाकडून रात्री अकरा वाजता लिहून घेतलेला कागद हा पुरावा म्हणून किती तकलादू आहे, हे कोणत्याही शिक्षकाला कळायला हवे. निवेदनात त्या कागदाचे अस्तित्व नाकारू नये. त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. 'जे घडले त्याबद्दल माफी' यात मारल्याची कबुली नाही. तोच मजकूर बाकीच्या मुलांनीही लिहून दिला आहे. आणि तो आरोपाची नोटीस येण्याच्या दोन दिवस आधीचा आहे. हे तीन मुद्दे शांतपणे मांडले की तो कागद फारसे काही सिद्ध करत नाही.

शिक्षेचा मुद्दा शेवटी आणि थोडक्यात. महाविद्यालयाच्या नियमावलीत ताकीद, दंड, वसतिगृहातून काढणे अशा पायऱ्या असतील तर थेट शेवटची पायरी का गाठली, याचे कारण आदेशात आहे का? त्याच प्रसंगात दुसऱ्याला नुसता दंड झाला असेल तर तेही नोंदवावे.

हे द्यायचे कुणाकडे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि संस्थेने स्वतःचेच नियम मोडून केलेली कारवाई ही तक्रार होऊ शकते. समितीने शक्यतो कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयावर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते, आणि लोकपालाने तीस दिवसांत ते निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. रॅगिंग किंवा लैंगिक छळाचा आरोप असेल तर अपिलाच्या वाटा आणि मुदती निराळ्या आहेत. म्हणून आदेश कोणत्या नियमाखाली काढला, हे आधी तपासायचे. उच्च न्यायालय नंतरचे. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा हाच येतो की आधी हे दरवाजे ठोठावले होते का.

कधी कधी महाविद्यालय म्हणते, झाले ते झाले, आता अपिलात सगळे सांग. हे उत्तर दर वेळी चालत नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या एका शिस्तभंग प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिल्या पायरीवर न मिळालेली न्याय्य सुनावणी अपिलातल्या सुनावणीने भरून निघतेच असे नाही. मुलाला दोन्ही पायऱ्यांवर हक्क आहे.

निवेदनातली मागणी मात्र वास्तव धरून असावी. मुद्दे पटले तरी बहुधा 'हा विद्यार्थी निर्दोष' असा निर्णय येत नाही. आदेश रद्द होऊन चौकशी नव्याने होते. जेएनयूच्या विद्यार्थ्यांवरच्या शिक्षांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हेच केले होते: कागद पाहू द्या, ऐकून घ्या आणि पुन्हा ठरवा. म्हणून मागणी अशी करावी: आदेश मागे घ्यावा, रेक्टरांना वगळून नवी समिती नेमावी, कागद द्यावेत, आणि निर्णय होईपर्यंत वर्गात बसू द्यावे व हॉल तिकीट द्यावे. शेवटची मागणी कळकळीने आणि परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत जोडून करावी, कारण तीन महिन्यांनी निर्णय बाजूने लागला तरी गेलेले सत्र परत येत नाही.

याच काळात ऑफिसातून एक सल्ला हमखास येतो: 'कशाला डाग लावून घेतोस? स्वतःच दाखल्यासाठी अर्ज कर, वर्तणूक चांगली लिहून देतो.' पालकांना हा मोठेपणा वाटतो. पण त्या अर्जावर सही झाली की दाखल्यावर सोडण्याचे कारण 'स्वतःच्या विनंतीवरून' असे पडते. मग काढून टाकल्याचा आदेश महाविद्यालयाने दिलाच नव्हता असे म्हणायची सोय होते, आणि आव्हान द्यायला हातात काही उरत नाही. दुसरीकडे प्रवेश पक्का असेल आणि घरच्यांनी विचारपूर्वक तेच ठरवले असेल तर ठीक आहे. नाहीतर निवेदनाचा निकाल लागेपर्यंत त्या अर्जावर सही करू नये.