घराचा खर्च: नकाशाआधी आणि नकाशानंतर

पुण्याजवळच्या गावात 800 चौरस फुटांचं एकमजली घर बांधायचं आहे, असं समजू. प्लॉट ठरला आहे, पण नकाशा नाही. कर्ज किती लागेल, हे मात्र आजच कळायला हवं. अशा वेळी कामी येतो तो सादृश्य अंदाज. शेजारी चार वर्षांपूर्वी एवढंच घर 16 लाखांत झालं; त्यात मधल्या काळातली दरवाढ धरायची. शेजारच्या घराखाली मुरूम असेल आणि इथे काळी माती, तर पाया खोल जाईल, त्याचे पैसे वेगळे मिळवायचे. उत्तर 20 लाखांच्या आसपास येतं, पण 17 ते 23 लाख असंच सांगणं प्रामाणिकपणाचं.

बांधकामाचं क्षेत्रफळ नक्की झालं की पॅरामेट्रिक पद्धत वापरता येते. परिसरातल्या बऱ्याच घरांवरून चौरस फुटाला 2,400 रुपये दर निघाला, तर 19 लाख 20 हजार. मात्र हा दर ज्या आकाराच्या घरांवरून काढला, तेवढ्यापुरताच खरा. 350 फुटांच्या घरालाही स्वयंपाकघर, संडास आणि पाण्याची टाकी लागतेच, त्यामुळे छोट्या घराचा फुटामागचा खर्च वाढतो.

तिसरी पद्धत बॉटम-अप, म्हणजे प्रत्येक बाब मोजून केलेलं अंदाजपत्रक. एकच भिंत पाहू: 10 मीटर लांब, 3 मीटर उंच, 20 सेंटिमीटर जाड. तिचं घनफळ 6 घनमीटर. दार आणि खिडकी मिळून साडेतीन चौरस मीटर वजा केले की 5.3 उरतात. घनमीटरला प्रमाणित मापाच्या 500 विटा धरल्या, तर 2,650 विटा लागतील. तूटफूट धरून 2,800 मागवाव्यात. सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी वेगळी. अशा प्रत्येक बाबीचं परिमाण दराने गुणायचं. सरकारी कामात हे दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून येतात.

हे सगळं पक्क्या नकाशावरच जमतं. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं काम 1959 मध्ये सुरू झालं, तेव्हा छताच्या शिंपल्यांची भूमितीच ठरली नव्हती; ती 1961 मध्ये ठरली. सुरुवातीचा अंदाज 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता, अंतिम खर्च 10 कोटी 20 लाख झाला. तशी इमारत आधी कुठे नव्हती, त्यामुळे तुलनेलाही आधार नव्हता.

बारीक मोजणीतली चूक बहुधा गुणाकारात नसते, ती सुटलेल्या बाबीत असते. समजा, आपल्या घराचं अंदाजपत्रक 17 लाख आलं. 800 ने भागलं तर फुटाला 2,125 रुपये, परिसराच्या दरापेक्षा बरेच कमी. अशा वेळी स्वस्तात काम होतंय म्हणून करार करू नये. यादी पुन्हा वाचावी: सेप्टिक टँक, जोत्यातला भराव, वीजजोडणी, कुंपण यांपैकी काहीतरी त्यात राहून गेलेलं असण्याची शक्यता मोठी.