शासकीय पत्राचे सोंग घेणारा ई-मेल : तो ओळखावा कसा, कळवावा कोणाला

दिनांक २२ एप्रिल २०२५ रोजी जम्मू-काश्मीरमधील पहलगाम येथे पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर काही दिवसांतच शासकीय व संरक्षण खात्यांतील व्यक्तींना लक्ष्य करून एक पीडीएफ दस्तऐवज प्रसृत करण्यात आला. हल्ल्यासंबंधी शासनाने केलेल्या कार्यवाहीची माहिती त्यात आहे, असे त्याच्या शीर्षकावरून वाटत होते. देश हादरलेला असताना असे पत्र हाती आले, तर कोणता अधिकारी ते न उघडता बाजूला ठेवील? दस्तऐवजातील दुवा दाबला की जम्मू-काश्मीर पोलिसांच्या संकेतस्थळासारखे दिसणारे एक पान समोर येई आणि पुढील मजकूर वाचण्यासाठी शासकीय ई-मेलचा पत्ता व परवलीचा शब्द मागितला जाई. ते पान पोलिसांचे नव्हतेच. पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या सेकराइट प्रयोगशाळेने या प्रकाराची छाननी करून तो उजेडात आणला.

या फसवणुकीस ‘फिशिंग’ असे म्हणतात. गळाला आमिष लावून मासा पकडावा, त्यावरून हे नाव पडले आहे. येथे आमिष असते ते शासकीय पत्राचे आणि गळाला लागतो तो कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द. आपल्या खात्यातील कर्मचाऱ्यांनी, पंचायत सचिवांनी व शाळाप्रमुखांनी असा ई-मेल कसा ओळखावा आणि तो आल्यास काय करावे, हे सांगण्यासाठी ही माहिती देण्यात येत आहे.

पत्ता उजवीकडून वाचावा

वर सांगितलेल्या खोट्या पानाचा पत्ता पुढीलप्रमाणे होता. चुकून कोणी तो टंकित करून उघडू नये म्हणून येथे त्यातील टिंबांभोवती कंस घातले आहेत.

```
jkpolice[.]gov[.]in[.]kashmirattack[.]exposed
```

जम्मू-काश्मीर पोलिसांच्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता jkpolice.gov.in असा आहे आणि तो या खोट्या पत्त्यात जसाच्या तसा आलेला आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. प्रारंभीची ओळखीची अक्षरे दिसताच मनाचे समाधान होते आणि पुढे वाचण्याचे आपण सोडून देतो. भामट्याचा सारा भरवसा आपल्या याच सवयीवर असतो.

संकेतस्थळाच्या पत्त्याची रचना टपालाच्या पत्त्यासारखी असते. पाकिटावर आधी घराचे नाव, मग गाव, मग तालुका व शेवटी राज्य येते, आणि पत्र कोठे जावयाचे हे शेवटच्या ओळींवरून ठरते. सत्तरीतील एखाद्या गृहस्थाने आपल्या घराच्या दारावर ‘सचिवालय’ अशी पाटी लावली, म्हणून ते घर पर्वरीला जात नाही. संकेतस्थळाच्या पत्त्यातही डावीकडचा भाग मालकाने आपल्या मर्जीने ठेवलेला असतो. जागा कोणाची, हे उजवीकडच्या टोकावरून कळते. वरील पत्ता उजवीकडून वाचला तर आधी exposed व मग kashmirattack हे शब्द येतात. हीच त्या पानाची खरी जागा होय. त्याच्या डावीकडे असलेले gov.in म्हणजे केवळ दारावरची पाटी.

यावरून एक सोपा नियम निघतो. पत्त्यात https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तेथे थांबावे, आणि तेथून डावीकडे वाचत यावे. तिरकी रेघच नसेल तर पत्त्याच्या शेवटापासून आरंभ करावा. शासनाच्या पानावर प्रथम in व लगेच gov किंवा nic हे शब्द आले पाहिजेत. गोवा शासनाच्या पानावर त्यानंतर goa येतो. gov.in हा शेवट केवळ शासकीय संस्थांनाच दिला जातो. तो विकत घेता येत नाही. म्हणूनच भामट्याला तो पत्त्याच्या मध्येच कोठेतरी बसवावा लागतो. टिंबांऐवजी आडव्या रेघा घालून goa-gov-in असा एकच जोडशब्द बनविणे ही या युक्तीची दुसरी तऱ्हा आहे. खऱ्या पत्त्यात या शब्दांमध्ये टिंबेच असतात.

दुवा दाबण्यापूर्वीही त्याचा पत्ता पाहता येतो. संगणकावर माऊसचा बाण दुव्यावर नुसता नेऊन ठेवला की खरा पत्ता बहुधा पडद्याच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात उमटतो. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर लांब पत्त्याचा पुष्कळसा भाग झाकला जातो. म्हणून संशयास्पद पत्राची पाहणी भ्रमणध्वनीवर करू नये. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये. आपण व ते पान यांच्यामधील मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पान प्रामाणिक माणसाचे आहे की भामट्याचे, हे त्यावरून कळत नाही.

पाठविणाऱ्याच्या ई-मेल पत्त्यालाही हाच नियम लावावा. ठळक अक्षरांत दिसणारे अधिकाऱ्याचे नाव व पदनाम कोणीही टंकित करू शकतो. @ या चिन्हानंतरचा भाग उजवीकडून वाचावा.

परवलीचा शब्द दिल्यावर काय घडते

एक उदाहरण घेऊ. तालुका कार्यालयातील एका लिपिकास शुक्रवारी सायंकाळी, कार्यालय सुटण्याच्या सुमारास, असा ई-मेल येतो : ‘आपली टपालपेटी भरली आहे. आज रात्रीपर्यंत पडताळणी न केल्यास खाते बंद होईल.’ लिपिक घाईने दुवा दाबतो. समोर शासकीय ई-मेलच्या प्रवेशपानासारखे पान येते. तो आपला परवलीचा शब्द लिहितो. त्याच क्षणी पलीकडचा मनुष्य तो शब्द खऱ्या संकेतस्थळावर भरतो. खरे संकेतस्थळ नेहमीप्रमाणे लिपिकाच्या भ्रमणध्वनीवर एकवेळचा संकेतांक, म्हणजे ओटीपी, धाडते. खोटे पान तोही मागते आणि लिपिक तोही लिहितो. संकेतांक खऱ्या ठिकाणाहून आला, तेव्हा पानही खरेच असले पाहिजे, अशी त्याची समजूत होते. पण ओटीपीची मुदत संपण्यापूर्वीच भामटा खात्यात शिरलेला असतो.

यानंतर तो सहसा गडबड करीत नाही. येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत आपल्याकडे परस्पर जावी, अशी सूचना तो खात्याच्या मांडणीत गुपचूप भरून ठेवतो. पुढे लिपिकाने परवलीचा शब्द बदलला, तरी ही सूचना तशीच राहू शकते आणि पत्रे बाहेर जात राहतात. लाभार्थ्यांच्या याद्या, बँक खात्यांचे क्रमांक, आधार क्रमांक व अर्जांचे आवक क्रमांक हे सारे अशा पत्रव्यवहारात असते. उद्या एखाद्या वृद्धेस दूरध्वनी येतो. बोलणारा तिच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जाचा क्रमांक व तारीख अचूक सांगतो आणि ‘खाते चालू करण्यासाठी’ तिच्याकडे संकेतांक मागतो. तिचा विश्वास बसतो, कारण ही माहिती कार्यालयाबाहेर कोणास ठाऊक असणार? ग्रामस्थांनी ध्यानात ठेवावे की अर्जाचा क्रमांक बिनचूक सांगणारा मनुष्य शासकीय कर्मचारीच असतो असे नाही. आपला संकेतांक कोणालाही दूरध्वनीवर सांगू नये.

दुसरा धोका असा की लिपिकाच्या खऱ्या खात्यावरूनच पुढची पत्रे निघतात. एखाद्या मुख्याध्यापकास तालुका कार्यालयाच्या खऱ्या पत्त्यावरून पत्र येते की शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची बँक खात्यांसह यादी सोबतच्या दुव्यावर आजच भरावी. येथे पत्ता उजवीकडून वाचण्याचा नियम अपुरा पडतो, कारण पाठविणाऱ्याचा पत्ता खराच असतो. भाषेच्या चुकांवरून ओळखू म्हणावे, तर आता अशी पत्रे शुद्ध भाषेतही येतात. अशा वेळी मागणीकडे पाहावे. परवलीचा शब्द, संकेतांक किंवा लोकांची खासगी माहिती एखाद्या नव्या दुव्यावर तातडीने मागितली असेल, तर कार्यालयाच्या नोंदवहीतील क्रमांकावर दूरध्वनी करून संबंधितास विचारावे. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर विचारणा करू नये. तो उचलणारा त्याच टोळीतील असू शकतो.

कोणाला व कसे कळवावे

संशयास्पद ई-मेल आल्यास त्यास उत्तर देऊ नये, तो सहकाऱ्यांना सावध करण्याच्या हेतूनेही जसाच्या तसा पुढे धाडू नये आणि पुसूनही टाकू नये. आपल्या कार्यालयप्रमुखांस व खात्याच्या माहिती सुरक्षा अधिकाऱ्यास प्रथम दूरध्वनीने कळवावे. नंतर मूळ ई-मेल जोडपत्र म्हणून त्यांच्याकडे पाठवावा. नुसता मजकूर पुढे पाठविला तर पत्र कोणत्या मार्गाने आले याची नोंद गळून पडते, आणि तपासास तीच लागते. जोडपत्र करणे न जमल्यास ई-मेल तसाच ठेवून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जिल्हा कार्यालयाचे साहाय्य घ्यावे.

परवलीचा शब्द दिला गेला असेल, तर एका तासाचाही विलंब करू नये. दुसऱ्या, निर्धोक संगणकावर बसून, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करून परवलीचा शब्द बदलावा. अन्यत्र चालू असलेले सर्व प्रवेश बंद करावेत. पत्रे परस्पर पुढे पाठविण्याची एखादी सूचना खात्यात भरलेली आहे काय, हे पाहून ती काढून टाकावी, पण तत्पूर्वी तिचे चित्र टिपून ठेवावे. तोच शब्द अन्य ठिकाणी वापरला असल्यास तेथेही बदलावा. एखादी जोडलेली फाईल उघडली गेली असेल, तर संगणकाचा जाळ्याशी असलेला संबंध तोडावा आणि तपासणी होईपर्यंत त्यावर काम करू नये.

केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ती संस्थेस कळविणे शासकीय कार्यालयांवरही बंधनकारक आहे. हे काम खात्याच्या माहिती सुरक्षा अधिकाऱ्याने incident@cert-in.org.in या पत्त्यावर अथवा १८००-११-४९४९ या क्रमांकावर करावयाचे असते. लिपिकाने सोमवारपर्यंत वाट पाहिली तर ही मुदत पाळणे अशक्य होते. कोणाचे पैसे गेले असल्यास, मग तो कर्मचारी असो वा ग्रामस्थ, त्याने तत्काळ १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा व cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. रक्कम भामट्याच्या खात्यातून पुढे जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती रोखून धरता येण्याची शक्यता असते.

आपण फसलो हे सांगण्यास कर्मचारी संकोचतात आणि त्या संकोचात पहिले मोलाचे तास निघून जातात. कार्यालयप्रमुखांनी आपणहून कळविणाऱ्या कर्मचाऱ्यास प्रथम दोष देण्याऐवजी त्याने काय पाहिले, कोणता दुवा दाबला व केव्हा दाबला, हे लिहून घ्यावे. त्या टिपणावरूनच, तसेच पत्र आणखी कोणाकोणास गेले असावे याचा माग लागतो आणि त्यांना वेळेवर सावध करता येते.