आगोटीच्या बेगमीत फोटोही हवेत

मृग लागायच्या आत कोकणातल्या घरात आगोटीची बेगमी होते. लाकूडफाटा पडवीत येतो, सुकी मासळी आणि आमसुलं डब्यांत जातात. तारकर्ली-देवबागकडे घरात पाहुणे ठेवणाऱ्यांनी या बेगमीत आणखी एक गोष्ट धरावी: पावसाळाभर पुरतील एवढे फोटो आणि व्हिडिओ.

मेअखेरीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद होतात, ते थेट सप्टेंबरपर्यंत. पाहुणे नाहीत म्हणून घरमालकही मोबाईलवर गप्प होतो. पण मुंबई-पुण्याची मंडळी दिवाळीचा बेत याच दिवसांत आखतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. म्हणजे दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात असेल, तर तिकिटांची घाई सप्टेंबरच्या सुरुवातीला. तुमचं घर त्यांच्या नजरेसमोर ऑगस्टमध्येच असायला हवं.

जूनमध्ये पाऊस धरला, वीज आणि रेंज जायला लागली की सुचतही नाही आणि जमतही नाही. म्हणून साठा मेमध्येच करावा. आमसुलांचंच घ्या. रातांबे फोडून सालं उन्हात घालायची, मग रसात भिजवून पुन्हा वाळवायची, असं बरेच दिवस चालतं. रोज त्याच जागेवरून, त्याच सुपाचं दहा सेकंदांचं चित्रण करा. लालबुंद साल काळं पडत गेलेलं एका मिनिटात दिसतं. हा व्हिडिओ जुलैत टाका आणि खाली सांगा, की दिवाळीला येणाऱ्यांच्या सोलकढीत हीच आमसुलं असतील.

जून ते सप्टेंबर आठवड्याला एक, म्हणजे सतरा-अठरा गोष्टी लागतात. निम्म्या मेच्या साठ्यातून काढाव्यात, बाकीच्या पाऊसच देतो: भाताची लावणी, मालवणची नारळी पौर्णिमा, गणपतीवरची माटवी. मात्र जुलैत निळ्या समुद्राचा, स्कूबाचा फोटो टाकू नये. तो बघून कोणी आलं आणि किनाऱ्यावर लाल बावटा दिसला, तर फसवल्याची भावना होते आणि ती अभिप्रायात उतरते. गढूळ, खवळलेला समुद्र तसाच दाखवा. तो बघायला येणारेही आहेत, आणि त्यांना काय बंद आहे हे आधीच ठाऊक असतं.

जुन्या पाहुण्यांपर्यंत पोचायला व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी उत्तम, पण एक अडचण आहे. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असतो, त्यांनाच तो निरोप जातो. शंभर जणांची यादी करून पाच उत्तरं आली, तर बहुधा हेच घडलेलं असतं. त्यामुळे निघताना पाहुण्याच्या हातात कोकमाची पिशवी देतानाच म्हणायचं, "आमचा नंबर घराच्या नावाने सेव्ह करा हां, गणपती झाले की दिवाळीच्या खोल्यांचं कळवतो."