अडलेला टायर आणि तीन मिलिमीटरची पन्हळ

शेजारच्या वहिनींची गिअरची सायकल टाळेबंदीच्या दिवसांत घेतलेली. वर्षभर चालली आणि मग बाल्कनीत कुंड्यांशेजारी उभी राहिली. यंदा मुलाला क्लासला जायला तीच हवी झाली. पुढच्या चाकातली हवा दोन दिवसांत उतरत होती, म्हणून चाक पंक्चर काढायला दिलं. ते संध्याकाळी तसंच परत आलं. टायर रिमवरून सुटतच नाही, जोर लावताना प्लॅस्टिकचा लिव्हरही मोडला, असा निरोप होता. आता गंमत अशी झाली होती, की आधी दोन दिवस टिकणारी हवा दोन मिनिटंही टिकेना.

"भाऊजी, टायर कापूनच टाकू का?" वहिनींनी विचारलं. टायर चांगला होता. बाजूच्या रबराला भेगा नव्हत्या, नक्षी अजून शाबूत होती. कापायचं काही कारण नव्हतं.

असा टायर अडतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या अडचणी असतात आणि बहुतेक जण त्यांना एकच समजून लिव्हर उचलतात. एक म्हणजे टायरची कड रिमला चिकटलेली असते. दुसरी म्हणजे ती सुटली तरी रिमवरून उचलायला पुरेशी ढिलाई नसते. चिकटलेलं सोडवण्यासाठी लिव्हर वापरला, तर तो एक तर मोडतो नाही तर ट्यूब खातो.

हे कळायला रिमचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणावा लागतो. दोन्ही कडांना उभे कठडे, कठड्यांच्या आत एकेक अरुंद ओटा आणि दोन ओट्यांच्या मधे खोलगट पन्हळ. टायरच्या दोन्ही कडांत गोल तार असते. साध्या टायरमध्ये ती पोलादाची असते. हवा भरली की या कडा ओट्यावर चढून कठड्याला टेकतात. टायरच्या अंगावर ३५-६२२ असा आकडा छापलेला असतो. त्यातला ६२२ म्हणजे कड जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ही तार ताणली जात नाही. कितीही जोर लावा, ती तेवढीच राहते. मग जी तार कठड्याच्या आत बसली आहे, ती कठड्यावरून बाहेर यायची कशी? त्याचं उत्तर पन्हळीत आहे. चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज माणसानं १८९० मध्ये तारेच्या कडेचा टायर आणि मधे खोलगट असलेली रिम यांची जोडी पेटंट केली, तेव्हापासून हीच युक्ती चालत आली आहे.

कड ओट्यावरून पन्हळीत उतरवली, की ती मध्याच्या जवळ जाते, म्हणजे लहान वर्तुळावर बसते आणि तिची थोडी लांबी मोकळी होते. किती, ते शाळेतल्या गणितानं काढता येतं. पन्हळ ओट्यापेक्षा तीन मिलिमीटर खोल धरू. अर्ध्या चाकावरची कड पन्हळीत उतरवली, तर तीनला पायनं गुणायचं: जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर ढिलाई मिळते. चाक लहान असो की मोठं, आकडा तोच. पाव चाकावरचीच उतरवली तर निम्मी, पावणेपाच. ही ढिलाई सगळी उरलेल्या ठिकाणी, म्हणजे लिव्हर लावतो तिथे, वापरायला मिळते. टायर काढायचा तो या नऊ-साडेनऊ मिलिमीटरवर. म्हणून मनगटाचा जोर लिव्हरच्या दांड्यावर नाही, त्याच्या बरोबर समोर, चाकाच्या दुसऱ्या टोकाला खर्च करायचा असतो.

चाक काट्यातून काढलं आणि हवा पूर्ण सोडली. पूर्ण म्हणजे व्हॉल्व्हची पिन दाबून धरून टायर हातांनी पिळला, फुसफुस थांबेपर्यंत. ट्यूब फाटलेली होती तरीही आत थोडी हवा अडकलेली असतेच. ट्यूब फुगीर राहिली, तर कड पन्हळीत जाऊ पाहते तिथे तीच आधी पडलेली असते, शिवाय लिव्हरच्या टोकाला सापडायलाही तीच पुढे असते. जुन्या काळ्या सायकलचा व्हॉल्व्ह असेल, तर वरचा नट काढून बारीक रबरी नळीसकट आतला भाग उपसून घेतला की काम झालं. व्हॉल्व्हच्या बुडाशी रिमला कसलेला नटही काढायचा आणि व्हॉल्व्ह थोडा आत ढकलून ठेवायचा. नाही तर त्याचं जाड बूड तेवढ्या भागात कडेला पन्हळीत उतरू देत नाही.

मग कड सोडवायची. अंगठे टायरच्या बाजूवर, अगदी रिमलगत ठेवायचे आणि समोरच्या कठड्याच्या दिशेनं ढकलायचं. इथे चूक होते ती दिशेची. लोक टायर वरून खाली दाबतात, पण कडेला खाली नाही, आडवं, पन्हळीकडे सरकायचं असतं. सुटली की हलकासा टक आवाज येतो आणि कठड्यालगत काळी फट दिसते. हे चाक मात्र अंगठ्यांना दाद देईना. आजकालच्या बऱ्याच रिमवर ओटा आणि पन्हळ यांच्या सीमेवर बारीकसा उंचवटा असतो. ट्यूबलेस टायर बसवता यावा म्हणून तो दिलेला असतो, कड ओट्यावरून घसरू नये ही त्याची कामगिरी. आत ट्यूब घातली तरी तो आपलं काम करतच राहतो. त्यात वर्षानुवर्षं उभ्या सायकलीचं रबर धातूला धरून बसलेलं.

चाक जमिनीवर जुन्या पायपुसण्यावर आडवं टाकलं. आसाचं टोक टेकल्यामुळे चाक एका बाजूला कलतं आणि टायर एकाच ठिकाणी जमिनीला लागतो. जिथे लागतो, तिथेच रबरी चप्पल घातलेली टाच रिमलगत टायरच्या बाजूवर ठेवून थोडं थोडं वजन द्यायचं. अधांतरी बाजूवर पाय दिला तर टायरऐवजी रिम वाकेल. पहिल्या खेपेला काही झालं नाही. भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी ब्रशनं कठड्याच्या फटीत सोडलं आणि दहा मिनिटं थांबलो. रॉकेल, पेट्रोल किंवा तेल सोडायचा मोह टाळावा, त्यानं रबर फुगतं. दहा मिनिटांनी टाच दिली आणि टक झालं. एक वीत सुटली, की पुढचं काम सोपं होतं. सुटलेल्या टोकापासून अंगठ्यांनी पुढे पुढे सरकत पूर्ण फेरी मारता येते.

एक गोष्ट मी मुद्दाम केली नाही. दुसऱ्या बाजूची कड मी तशीच चिकटलेली राहू दिली. पन्हळ अरुंद असते. दोन्ही कडा एकदम तिच्यात घुसल्या, तर दाटी होते आणि कुठलीच नीट खाली जात नाही. दुसरी आपल्या ओट्यावर बसलेली बरी.

लिव्हर कुठे लावायचा यावर सायकलवाल्यांत वाद आहेत. व्हॉल्व्हला धक्का नको म्हणून पुष्कळ जण त्याच्या समोरून सुरुवात करतात. सैल टायरला ते चालतं. घट्ट टायरला मी व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर लावतो, कारण मग समोरचं अर्धं चाक व्हॉल्व्हच्या अडथळ्याविना मोकळं मिळतं. चाक उभं धरून, समोरच्या बाजूपासून दोन्ही हातांनी कड पन्हळीत दाबत लिव्हरच्या जागेपर्यंत यायचं, जणू साडीची निरी पुढे सारतोय तशी ढिलाई पुढे सारायची. तिथे पोचल्यावर टायर बोटांनी हलवून पाहावा. कठड्यापासून सहज हलला, तर ढिलाई आली आहे. नाही हलला, तर लिव्हर खाली ठेवून पुन्हा एक फेरी.

ट्यूब चिमटण्याचा क्षण आता येतो. लिव्हर आत घालण्याआधी अंगठ्यानं टायर आतल्या बाजूला ढकलायचा, म्हणजे ट्यूब कडेपासून मागे हटते. लिव्हरचं टोक कठड्याला घासतच आत सरकवायचं आणि कडेखाली अडकेल इतकंच, सुमारे एक सेंटिमीटर. जास्त आत गेलं की ते कडेबरोबर ट्यूबचाही काठ उचलतं. उचलण्यापूर्वी टोक आडवं थोडं इकडेतिकडे हलवून पाहतो. नुसतं कडक रबर लागलं तर ठीक. काहीतरी मऊ त्याच्याबरोबर ओढलं जात असेल, तर ती ट्यूब आहे, टोक बाहेर काढून पुन्हा घालायचं. पहिला लिव्हर दाबून आऱ्याला अडकवला, दुसरा तिथून जेमतेम चार बोटांवर लावला. अंतर जास्त घेतलं तर एका दमात जास्त कड उचलावी लागते आणि सगळा ताण टोकावर येतो. वीतभर कड बाहेर आली, की बाकीची हातानं निघते.

लिव्हर म्हणून स्क्रूड्रायव्हर कधीही वापरू नये. त्याच्या कोपऱ्यांनी ट्यूब कापली जाते आणि ॲल्युमिनियमची रिमही ओरखडते. घरात काहीच नसेल, तर स्टीलच्या चमच्याचा गोल टोकाचा दांडा बरा. प्लॅस्टिकचा लिव्हर वाकायला लागला, तर त्याचा अर्थ तो कमकुवत आहे असा नसतो, समोरची कड अजून ओट्यावर आहे असा असतो.

काळ्या रोडस्टरच्या लोखंडी रिमची गोष्ट वेगळी. तिथे गंज रबरात शिरतो आणि टायरची बाजूही तोवर तडकलेली असते. तास-दोन तास उन्हात ठेवून, साबणाचं पाणी सोडून, लाकडी ठोकळ्यानं रिमलगत ठोकूनही सुटला नाही, तर टायर सुरीनं आडवा कापावा आणि कडेची तार पकडीनं तोडावी. त्यात ट्यूब जाते, पण रिम वाचते.

वहिनींच्या चाकाची ट्यूब बाहेर काढून बादलीत बुडवली. बुडबुडे तीन ठिकाणी आले. एक बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडच्या बाजूला: बाभळीचा काटा टायरमध्ये अजून होता. उरलेले दोन रिमकडच्या अंगाला, शेजारी शेजारी, दोन-तीन मिलिमीटरच्या चिरा. ट्यूब रिमवर तशीच धरून पाहिली, तर त्या चिरा कठड्यावरच्या ताज्या ओरखड्यांसमोर आल्या. मूळ पंक्चर एक होतं, दोन दुरुस्तीनं दिलेले.

टायर इतका घट्ट का, तेही मग दिसलं. आऱ्यांची टोकं झाकायला पन्हळीत कापडी पट्टी लावतात. इथे कुणीतरी जुनी पट्टी न काढता तिच्यावर दुसरी लावली होती. वरची पट्टी जवळजवळ एक मिलिमीटर जाड, म्हणजे तीनातला एक आणि साडेनवातले तीन तिथेच गेले. दोन्ही सोलून एकच पातळ पट्टी लावली. नवी ट्यूब घालून व्हॉल्व्हच्या समोरून टायर चढवत आलो, तेव्हा व्हॉल्व्हपाशी उरलेली शेवटची चार बोटं कड अंगठ्यांनीच आत गेली. लिव्हर खिशातच राहिला.