सोमवारपर्यंतची दाढदुखी

सोमवारी दवाखाना उघडायला गेलो तेव्हा एक बाई आधीच पायरीवर बसल्या होत्या. वय 45 च्या आसपास, डावा गाल तळहातात धरलेला. शनिवारी रात्री खालची दाढ ठणकायला लागली, रविवारी गावातले सगळे दवाखाने बंद. दाढेला मोठी कीड होतीच. पण माझी नजर गेली ती दाढेशेजारच्या हिरडीवर आणि गालाच्या आतल्या बाजूवर. तिथे दुधावरच्या सायीसारखा पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता आणि कडेने लालभडक सोललेलं कातडं.

‘‘इथे गोळी ठेवली होती का?’’

‘‘हो डॉक्टर. ॲस्पिरिनची, दोनदा. सासूबाई म्हणाल्या, दुखतंय तिथेच दाबून ठेव, लवकर गुण येईल.’’

असा चट्टा मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. ॲस्पिरिन हे मुळात आम्ल आहे. पोटात ते जेवणात आणि पाण्यात मिसळतं. हिरडीवर मात्र सगळी गोळी एकाच जागी ओली होते आणि तिथली नाजूक त्वचा भाजून काढते. तव्यावर अंड्याचा पांढरा भाग जसा गोठतो, तसंच इथे होतं. सासूबाईंना थोडा गुण आल्याची आठवण असेल, तर तो लाळेबरोबर गिळल्या गेलेल्या औषधाचा. दातातल्या दुखण्यापर्यंत हिरडीवरून औषध पोचत नाही, कारण मध्ये दाताची आणि हाडाची भिंत आहे.

त्या भिंतीतच दुखण्याचं कारण असतं. दाताच्या पोटात एक मऊ, जिवंत गाभा असतो. त्यात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. बोलीत आपण त्याला ‘दाताची नस’ म्हणतो. कीड तिथवर गेली की गाभा सुजतो. बोट सुजलं तर ते फुगतं. दातातल्या गाभ्याला फुगायला जागाच नसते. दाब वाढत जातो आणि तोच ठणका होतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, म्हणून दिवसभर सोसवलेली दाढ रात्री अंथरुणावर पाठ टेकताच उसळते. या सुजेवर काम करणारं औषध रक्तातून यावं लागतं, म्हणजेच गोळी गिळावी लागते.

मग त्या बाईंनी शनिवारी रात्री काय करायला हवं होतं? आधी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चुळा भरायच्या आणि दातांच्या फटीत अन्न अडकलं असेल तर दोऱ्याने हळूच काढायचं. टाचणीने किंवा काडीने खड्डा कोरायचा नाही. मग दोन घास दहीभात खाऊन पेलाभर पाण्याबरोबर आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅमची एक गोळी, आणि तिच्या जोडीला पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक. ही दोन औषधं वेगवेगळ्या वाटेने काम करतात, म्हणून एकत्र चालतात आणि एकट्या गोळीपेक्षा जास्त उतार देतात. गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात धीर सुटून दुसरी गोळी घेऊ नये. आयब्युप्रोफेन आठ तासांनी परत, दिवसात तीनच गोळ्या. पॅरासिटामॉल सहा तासांनी, दिवसात चार. हा हिशेब निरोगी प्रौढ माणसाचा आणि दोन-तीन दिवसांपुरताच. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांना विचारूनच द्यावा; 16 वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन तर देऊच नये.

आयब्युप्रोफेन सगळ्यांना चालत नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर ती टाळावी. अंगात ताप असून डेंग्यूची शंका असेल तरीही टाळावी, कारण रक्तस्राव वाढू शकतो. अशा माणसांनी फक्त पॅरासिटामॉलवर भागवावं. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर मात्र पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच घ्यावं.

खरा घोळ होतो तो मेडिकलच्या दुकानात. ‘दाढदुखीवर काहीतरी द्या’ म्हटलं की बऱ्याचदा दोन औषधं एकत्र असलेली गोळी मिळते. घरी आधीच पॅरासिटामॉल घेतलेलं असतं, सर्दीच्या गोळीतही तेच असतं, आणि दिवसभरात तेच औषध तीन नावांनी पोटात जातं. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरातलं नाव नव्हे, त्याखालची बारीक अक्षरं वाचावीत. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही आयब्युप्रोफेनचीच भावंडं; ती एकमेकांच्या जोडीला घेऊ नयेत. या बाईंनी रविवारी उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूलही घेतल्या होत्या. त्यांचा उपयोग शून्य. सुजलेल्या गाभ्याचा ठणका अँटिबायोटिकने थांबत नाही, आणि अर्धवट डोसाने जंतू मात्र त्या औषधाला सरावतात.

रात्री उशाला दोन उशा घ्याव्यात. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून पंधरा मिनिटं धरावा. गरम पाण्याची पिशवी नको. शेकल्याने तिथे रक्त वाढतं आणि ठणकाही. लवंगेच्या तेलात खरोखर बधिर करणारा गुण आहे, पण ते जपून वापरायचं औषध आहे. कापसाच्या अगदी लहान बोळ्यावर एक थेंब घ्यावा, तो टिपून फक्त किडीच्या खड्ड्यात ठेवावा आणि थोड्या वेळाने काढावा. हिरडीवर सांडलेलं तेलही भाजतं. ठेचलेला लसूण आणि कापूर यांचंही तेच. लहान मुलांसाठी तर लवंग तेल घरीच वापरू नये, ते पोटात गेलं तर विषारी ठरतं.

मिश्रीबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. कितीतरी बायकांची मिश्री दाढदुखीपासूनच सुरू झालेली असते. भाजलेल्या तंबाखूने क्षणभर बधिर वाटतं, दाढ आतून कुजत राहते आणि सवय जन्मभर चिकटते. तोंडाच्या कर्करोगाची वाट त्याच तंबाखूतून जाते.

गाल किंवा जबड्याखाली सूज चढू लागली, ती डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, श्वास अडखळला किंवा थंडी वाजून ताप आला, तर सोमवारची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजलेले असोत, मोठ्या रुग्णालयातच जायचं. जबड्याखालून गळ्यात पसरलेला पू काही तासांत श्वासनलिका दाबू शकतो. जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं, तेव्हाही हेच.

या बाईंना सूज नव्हती, ताप नव्हता. मी दाढ बधिर करून गाभा मोकळा केला, तेव्हा दोन रात्रींनंतर पहिल्यांदा त्यांनी गालावरचा हात काढला. रूट कॅनल पुढच्या दोन भेटींत पुरं झालं. मधले काही दिवस त्यांना दाढेचा त्रास नव्हता; भाकरीचा घास लागला की झोंबायचा तो गोळीने भाजलेला गालच. तिखट बंद, मिठाच्या पाण्याच्या चुळा चालू, असं करत दहाव्या दिवशी तिथे नवी गुलाबी त्वचा आली होती. त्या भेटीला त्या सासूबाईंना सोबत घेऊन आल्या आणि आरसा मागून घेऊन त्यांना ती जागा दाखवली.