विश्लेषण : खिशातल्या प्रिंटरमध्ये शाई नसते, मग रंगीत फोटो छापला कसा जातो?

मोबाइलमधला फोटो ब्लूटूथने पाठवायचा आणि मिनिटभरात छापील फोटो हातात घ्यायचा. हे काम करणारे तळहाताएवढे प्रिंटर आता ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. पण शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन 'मिनी प्रिंटर'च्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. तो का, हे समजून घ्यायचे तर यंत्रापेक्षा त्यात जाणारा कागद पाहावा लागतो.

स्वस्त मिनी प्रिंटर कशावर छापतो?

सर्वात स्वस्त प्रिंटरमध्ये कागदाची छोटी गुंडाळी असते. एटीएमची पावती किंवा दुकानातले बिल ज्यावर येते, तोच हा थर्मल कागद. उष्णता लागली की तो काळा पडतो. त्यामुळे छपाई एकाच रंगात होते आणि फोटोतल्या करड्या छटा बारीक ठिपक्यांची गर्दी करून भासवल्या जातात. नोट्स, लेबल, मुलांची चित्रे यासाठी हे यंत्र उत्तम आहे. फोटो मात्र पाकिटात ठेवलेल्या जुन्या बिलासारखा फिका पडत जातो. जाहिरातीत 'फोटो प्रिंटर' लिहिलेले असले, तरी सोबत गुंडाळी दिसली की हे काळे-पांढरे यंत्र आहे असे समजावे. काही विक्रेते रंगीत गुंडाळ्याही देतात. त्यात कागद रंगीत असतो, छपाई नव्हे.

मग रंगीत फोटो कसा येतो?

एचपी स्प्रॉकेट किंवा कॅननच्या छोट्या प्रिंटरमध्ये 'झिंक' कागद लागतो. हे नाव 'झिरो इंक' या शब्दांवरून आले. तंत्रज्ञान मूळचे पोलरॉइड कंपनीत विकसित झाले, २००५ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली आणि २००८ मध्ये 'पोलरॉइड पोगो' हा असा पहिला खिशातला प्रिंटर बाजारात आला.

झिंक कागद दिसायला पांढरा असतो, पण त्यात रंगद्रव्याच्या स्फटिकांचे तीन थर असतात. सर्वात वर पिवळा, मध्ये किरमिजी आणि तळाशी आकाशी निळा. स्फटिक असेपर्यंत ते रंगहीन राहतात, वितळले की रंग उमटतो. प्रिंटरमध्ये फक्त एक तापणारी पट्टी असते आणि कागद तिच्याखालून एकदाच सरकतो. एकाच पट्टीने तीन वेगळे थर कसे निवडायचे, ही खरी गंमत आहे. पट्टीने खूप जास्त उष्णता अगदी क्षणभर दिली, तर ती वरच्या पिवळ्या थरापर्यंतच पोहोचते. कमी उष्णता जास्त वेळ दिली, तर ती झिरपत तळाच्या निळ्या थरापर्यंत जाते. तो थर कमी तापमानालाच वितळेल असा बनवलेला असतो, त्यामुळे वरचा पिवळा तसाच राहतो. किरमिजी रंगाचे गणित या दोन्हींच्या मधले.

रंग बिघडतात ते कशामुळे?

सगळा खेळ उष्णतेचा आणि वेळेचा असल्यामुळे बिघाडही तिथूनच येतात. कागदाचा प्रत्येक गठ्ठा थोडा वेगळा असतो. म्हणून दहा कागदांच्या पाकिटात एक जास्तीचा, बहुधा निळा, कागद येतो. अनेकजण तो पुठ्ठा समजून फेकून देतात. प्रत्यक्षात त्यावरच्या बारकोडवरून प्रिंटर त्या गठ्ठ्यासाठी उष्णता किती ठेवायची ते ठरवतो. तो त्याच पाकिटातला असावा आणि सूचनेप्रमाणे सर्वात खाली ठेवावा. आतून सरकताना तो पट्टीवरची धूळही पुसतो.

प्रत्येक फोटोत एकाच जागी लांबीच्या दिशेने बारीक रेघ येत असेल, तर पट्टीवर कचरा बसला आहे. हाच निळा कागद पुन्हा एक-दोनदा फिरवला की ती बहुधा जाते. रेघ एकाच फोटोत असेल, तर धूळ कागदावर होती. फोटो पूर्ण कोरा आला, तर कागद उलटा घातला आहे. चकचकीत बाजू वर हवी. सलग पाच-सहा फोटो काढल्यावर प्रिंटर थांबला, तर तो बिघडलेला नसतो. पट्टी गार होण्याची वाट पाहत असतो.

आणि एक आपल्याकडची सवय. झिंकचा फोटो 'टिकावा' म्हणून गरम लॅमिनेशनला देऊ नका. छपाई ज्या उष्णतेने होते, तीच उष्णता पुन्हा मिळाल्यावर उरलेले स्फटिकही वितळतात आणि फोटो काळवंडतो. कागदाचे पाकीटही उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

फोटोतली माणसे कापली का जातात?

झिंकचा नेहमीचा कागद २ इंच बाय ३ इंच असतो. मोबाइलचा फोटो मात्र साधारणपणे ३:४ प्रमाणात निघतो. समजा, सिंहगडावर आठ जणांनी उभा सेल्फी काढला. तो ३ इंच उंच छापायचा, तर रुंदी सव्वादोन इंच हवी. कागद आहे दोन इंचांचा. म्हणजे पाव इंच, रुंदीचा नववा हिस्सा, बाहेर जातो आणि दोन्ही टोकांच्या मित्रांचे खांदे कापले जातात. आडव्या फोटोत हीच कात्री डोक्यांवर आणि पायांवर चालते. ॲपमध्ये 'फिट' निवडले तर सगळे मावतात, पण कडेला पांढऱ्या पट्ट्या येतात. त्यापेक्षा सेल्फी काढतानाच कडेला जागा सोडलेली बरी.

मेगापिक्सेलचा मात्र इथे काही उपयोग नाही. इंचाला ३०० ठिपके धरले, तर या कागदावर ६०० बाय ९०० एवढेच ठिपके मावतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटोही त्याला पुरतो.

पासपोर्ट आकाराचे, म्हणजे ३.५ बाय ४.५ सेंटीमीटरचे फोटो काढता येतील का, हा नेहमीचा प्रश्न. आडवे ठेवले तर एका कागदावर दोन मावतात, शिवाय मागे चिकटपट्टीही असते. पण पांढरी पार्श्वभूमी शुभ्र येईलच असे नाही आणि त्वचेचा रंगही हलतो. सरकारी अर्जासाठी स्टुडिओच बरा.

याहून चांगला पर्याय आहे का?

रंगांसाठी रिबनवाले प्रिंटर सरस ठरतात. कोडॅकच्या काही छोट्या प्रिंटरमध्ये कागद चार वेळा आत-बाहेर होतो. पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर. यंत्र थोडे जाड असते आणि वापरलेल्या रिबनवर तुमच्या फोटोची उलटी प्रतिमा शिल्लक राहते, त्यामुळे ती फेकताना विचार करावा. फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी लिंक तर छापतच नाही. तो खऱ्या फिल्मवर प्रकाश टाकतो आणि चित्र दीड मिनिटात हळूहळू उमटते. त्यातले चित्र ४६ बाय ६२ मिलिमीटरचे, म्हणजे मोबाइलच्या ३:४ प्रमाणाच्या जवळ जाते. वरचा सेल्फी यात जवळपास पूर्ण मावेल.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

आधी कागदाची किंमत. समजा २० कागदांचे पाकीट ८०० रुपयांना असेल, तर एक छोटा फोटो ४० रुपयांना पडतो आणि १०० फोटोंचे ४,००० होतात. तो कागद आज आपल्याकडे सहज मिळतो का, हेही पाहा. दुसरे म्हणजे ॲप. यातले बहुतेक प्रिंटर मोबाइलच्या साध्या 'प्रिंट' पर्यायातून चालत नाहीत. ब्लूटूथ जोडले गेले तरी फोटो कंपनीच्या ॲपमधूनच पाठवावा लागतो. म्हणून खरेदीआधी ते ॲप आपल्या फोनवर उतरवून उघडून बघा आणि त्याचे शेवटचे अपडेट केव्हा आले होते, ती तारीख वाचा.